दागिन्याचे माहेर

पोखर्णीतील एखाद्या व्यापारी घरातील जुन्या छायाचित्रात गृहिणीच्या कपाळावर मारवाडी बोर आणि गळ्यात मराठी ठुशी एकत्र दिसली, तर त्यात नवल नाही. राजस्थानातून आलेल्या घराण्यांनी जुने दागिने जपले आणि येथील सोनाराकडून नवेही घडविले.

दागिन्याचा प्रांत ठरविताना नक्षीवर सर्वांत शेवटी विसंबावे. मोर, कमळ, कोयरी हे नमुने लग्नसंबंध आणि व्यापार यांबरोबर सहज दूरवर जातात. कारागिराच्या हाताची सवय मात्र सावकाश बदलते. म्हणून आधी घडण पाहावी. ठुशीत सोन्याचे बारीक मणी दाटीने गुंफलेले असतात. नंतर खड्याची बैठक पाहावी. खड्याभोवती नख्या नसून शुद्ध सोन्याची सलग कड दाबलेली असेल, तर ते कुंदनकाम. पण तेवढ्यावरून जयपूरचे नाव घेऊ नये. १९४८ पर्यंत परभणी ज्या निजामी राज्यात होती, त्या हैदराबादेतही कुंदन होत असे.

जयपुरी कुंदनाच्या पाठीवर बहुधा मीनाकाम असते. छायाचित्रात ती पाठ दिसत नाही. दागिना घरात असेल तर मोडीत देण्यापूर्वी तो उलटून पाहावा. मोडीत केवळ सोन्याचे मोल होते. पाठीवरची खूण मुशीत वितळून जाते.