तिसऱ्या रकान्यातली तारीख

सीएची तयारी करणाऱ्या मुलांकडे एक वही हमखास असते. पानावर उभ्या रेघा मारून तीन रकाने केलेले असतात: आधी काय होतं, आता काय आहे, आणि कधीपासून. पहिले दोन रकाने बहुतेकांचे सुरेख भरलेले असतात, लाल-हिरव्या पेनांनी नटवलेलेसुद्धा. मार्क जातात ते तिसऱ्या रकान्यात.

घर विकल्यावर लागणारा कर घ्या. २३ जुलै २०२४ ला अर्थसंकल्प मांडला गेला आणि दीर्घकालीन भांडवली नफ्याचा नियम त्याच दिवसापासून, म्हणजे आर्थिक वर्ष चालू असतानाच, बदलला. आधी घराची खरेदी किंमत महागाई निर्देशांकाने फुगवून घ्यायची, उरलेल्या नफ्यावर २० टक्के कर भरायचा. आता दर साडेबारा टक्के, पण किंमत फुगवायची सोय गेली. यावर बरीच ओरड झाली, तेव्हा विधेयक मंजूर होताना एक सवलत घातली गेली: २३ जुलैपूर्वी घेतलेली जमीन किंवा इमारत असेल, तर कर दोन्ही रीतींनी काढा आणि कमी येईल तो भरा.

एक हिशेब करून पाहू. २०१०-११ मध्ये ३० लाखांना घेतलेलं घर ऑगस्ट २०२४ मध्ये ९० लाखांना विकलं. त्या वर्षीचा निर्देशांक १६७, विक्रीच्या वर्षीचा ३६३. त्या प्रमाणात ३० लाखांचे सुमारे ६५ लाख २१ हजार होतात. नफा २४ लाख ७९ हजार, त्याचे २० टक्के म्हणजे ४ लाख ९६ हजारांच्या आसपास. नव्या रीतीने नफा सरळ ६० लाख आणि कर साडेसात लाख. अर्थात जुनी रीत फायद्याची. हेच घर दीड कोटीला गेलं असतं तर? जुन्या रीतीने जवळजवळ १७ लाख, नव्या रीतीने १५ लाख. म्हणून ‘जुनं चांगलं’ किंवा ‘नवं चांगलं’ असं वहीत लिहून ठेवणं धोक्याचं. प्रत्येक वेळी दोन्ही आकडे काढावेच लागतात. (अधिभार आणि उपकर इथे बाजूला ठेवले आहेत.)

खरी मेख मात्र सवलत कोणाला, यात आहे. ती फक्त निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांना आहे. दुबईत राहणाऱ्या, कायद्याने अनिवासी ठरणाऱ्या भावाने तेच घर ९० लाखांना विकलं तर त्याला साडेसात लाखच भरावे लागतील. कंपनीलाही सवलत नाही. शिवाय घर ६० लाखांनाच गेलं आणि निर्देशांक लावून तोटा दिसला, तर कर शून्य होतो. पण तो कागदी तोटा पुढच्या वर्षात ओढता येत नाही. ही सवलत करापुरती आहे, नफ्याची रक्कम नव्या रीतीनेच धरली जाते. प्रश्नात विक्रीची तारीख, खरेदीची तारीख आणि विकणाऱ्याचा दर्जा या तीन गोष्टी कुठेतरी सहज पेरलेल्या असतात. घाईत वाचणाऱ्याच्या हातून नेमकी त्यांतलीच एखादी निसटते.

कंपनी कायद्यात पेच वेगळा. तिथे कलम हलत नाही, आकडा हलतो. ‘छोटी कंपनी’ची व्याख्या २०१३ च्या कायद्याच्या कलम २(८५) मध्ये आहे आणि त्यात भरणा झालेलं भांडवल ५० लाख, उलाढाल दोन कोटी हेच आकडे छापलेले दिसतात. चालू मर्यादा नियमांमध्ये असते. १ एप्रिल २०२१ पासून ती दोन कोटी आणि वीस कोटी झाली, १५ सप्टेंबर २०२२ पासून चार आणि चाळीस, १ डिसेंबर २०२५ पासून दहा आणि शंभर. दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. तीन कोटी भांडवल आणि तीस कोटी उलाढाल असलेली खासगी कंपनी २०२१ मध्ये छोटी नव्हती, २०२२ च्या बदलानंतर ती छोटी झाली. मग तिला रोख प्रवाह पत्रक करावं लागत नाही, संचालक मंडळाच्या वर्षाला दोन सभाही पुरतात. पण ती दुसऱ्या कंपनीची उपकंपनी असेल, तर आकडे कितीही लहान असोत, ती छोटी धरली जात नाही. कलम पाठ केलेला विद्यार्थी इथेच फसतो, कारण त्याने अधिनियम वाचलेला असतो, नियम नाही.

आणि व्यवहारात लागू झालेली गोष्ट परीक्षेत लागू असेलच असं नाही. कोणत्या परीक्षेला कोणता वित्त कायदा आणि कुठवरच्या अधिसूचना धरायच्या, हे संस्था आधी जाहीर करते. ते पत्रक वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवा.

१ एप्रिल २०२६ पासून तर १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आणि कलमांचे क्रमांकच बदलले. त्यामुळे वहीत आता चौथा रकाना आखावा लागेल: जुनं कलम कोणतं, नवं कोणतं.