‘कुणाला सांगू नकोस’ : सातवीच्या वर्गातले तीन प्रसंग

सातवीतल्या मुलाला ‘इंटरनेटवर जपून राहा’ असं सांगितलं, की तो मान डोलावतो आणि घरी जाऊन आईच्या फोनवर मित्राच्या आयडीने खेळायला बसतो. फोन आईचा, रिचार्ज बाबांचा, आयडी मित्राचा आणि पासवर्ड निम्म्या वर्गाला पाठ. अशा ठिकाणी फळ्यावर लिहिलेली नियमांची यादी फार काळ टिकत नाही. त्यापेक्षा मुलांना ओळखीचे वाटतील असे प्रसंग समोर ठेवावेत आणि ‘तू असतास तर कुठे थांबला असतास?’ एवढंच विचारावं. दोन तासिकांत तीन प्रसंग नीट होतात.

पहिला प्रसंग मैत्रिणींचा. समजा, सईची जिवलग मैत्रीण म्हणते, “पासवर्ड सांगत नाहीस, म्हणजे तुझा माझ्यावर विश्वासच नाही.” सई सांगून टाकते. महिन्याभराने दोघींचं बिनसतं आणि सईच्या खात्यावरून वर्गातल्या तिसऱ्याच मुलीबद्दल वाईट मजकूर जातो. लिहिला कुणी, हे आता सिद्ध कसं करणार? या प्रश्नावर वर्ग थोडा वेळ गप्प होतो. पासवर्ड ही खात्याची किल्ली आहेच, पण त्या खात्यावरून जे काही होईल त्याखाली आपली सहीही असते. सही कुणी मैत्रीत उसनी देत नाही, हे मुलांना लगेच कळतं.

मग फळ्यावर थोडं गणित करावं. चार अंकी कुलपाच्या शक्यता १०,०००. आठ छोट्या इंग्रजी अक्षरांच्या शक्यता २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८२ कोटी. आकडा ऐकून मुलं निर्धास्त होतात, आणि तिथेच त्यांना थांबवायला हवं. चोर सगळ्या शक्यता ओळीने तपासत बसत नाही. लोक काय ठेवतात, ते तो आधी तपासतो. २००९ मध्ये ‘रॉकयू’ या कंपनीकडचे ३ कोटींहून अधिक पासवर्ड चोरीला गेले. त्यांत सर्वांत जास्त वापरलेला पासवर्ड होता `123456`, आणि तो जवळपास २ लाख ९० हजार जणांनी ठेवलेला होता. `sai2013` सारखा नाव आणि जन्मवर्षाचा पासवर्डही याच जातीचा.

त्याऐवजी एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द घ्यावेत, उदाहरणार्थ `kanda-sutli-ghubad-pool`. लक्षात राहायला सोपा, ओळखायला अवघड. (हाच मात्र ठेवू नये, छापून आलेला पासवर्ड संपलाच.) गाण्याची ओळ किंवा म्हण चालत नाही, कारण ती चोरालाही ठाऊक असते. प्रत्येक खात्याला पासवर्ड वेगळा हवा, म्हणजे एक फुटला तरी बाकीची खाती वाचतात. इतके लक्षात राहत नसतील, तर घरातल्या वहीत लिहून ती वही आईच्या कपाटात ठेवायला काहीच हरकत नाही. मात्र आपण स्वतःच सांगून टाकला, तर कितीही लांब पासवर्ड कामाचा नाही. “चुकून माझा सहा अंकी कोड तुझ्याकडे आलाय, पाठव ना,” असा मेसेज मित्राच्या नावाने येतो. तो मित्र नसतो. त्याचं व्हॉट्सॲप आधीच कुणीतरी बळकावलेलं असतं, आणि तो कोड तुमच्या खात्याचा असतो.

दुसरा प्रसंग सावकाश घ्यावा. सहा चिठ्ठ्या वर्गात वाटाव्यात. एका खेळातल्या चॅटचे हे मेसेज: “भारी खेळतोस!” “तुला ही स्किन फुकट देतो.” “कितवीला आहेस?” “इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू.” “आपलं बोलणं कुणाला सांगू नकोस, घरचे फोन काढून घेतील.” “एक फोटो पाठव ना.” मुलांनी चिठ्ठ्या क्रमाने लावायच्या आणि धोका सुरू झाला असं वाटतं तिथे लाल रेघ ओढायची. रेघ फोटोच्या चिठ्ठीवर ओढण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. खरी जागा त्याच्या दोन चिठ्ठ्या आधी आहे. समोरचा माणूस मुलाला चारचौघांतून बाजूला नेतो आणि गुपिताची शपथ घालतो, तिथे. नंतरचं सगळं त्या गुपिताच्या जोरावर चालतं. खोटं वय, दुसऱ्याचा डीपी, गोड बोलणं हे ओळखायला मोठ्यांनाही जमत नाही. ‘कुणाला सांगू नकोस’ हे वाक्य मात्र बारा वर्षांच्या मुलालाही ओळखता येतं.

आणि फोटो गेलाच असेल तर? हा प्रश्न शिक्षकांनी टाळू नये, कारण वर्गातल्या एखाद्याला तोच विचारायचा असतो. धमकी आली तर पैसे किंवा आणखी फोटो द्यायचे नाहीत. दिल्याने मागणी थांबत नाही, वाढते. चॅट पुसायचं नाही, तोच पुरावा असतो. समोरच्याचं नाव आणि धमकीचे मेसेज जपून ठेवावेत, मग ब्लॉक करावं आणि त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगावं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, पैसे गेले असतील तर १९३०, आणि तक्रार cybercrime.gov.in वर करता येते. अठरा वर्षांखालच्या मुलांचे खासगी फोटो पसरू नयेत म्हणून takeitdown.ncmec.org ही मोफत सोय आहे. फोटो फोनमध्येच राहतो. त्याचा फक्त अंकी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या आपल्याकडे तसाच ठसा असलेला फोटो शोधून काढून टाकतात. जी ॲप यात सहभागी नाहीत, तिथे आणि बंदिस्त खासगी चॅटमध्ये तिचा उपयोग होत नाही. म्हणून वेळ दवडायचा नसतो. असा फोटो मागणं हा मागणाऱ्याचा गुन्हा आहे, मुलाचा नाही. हे वाक्य वर्गात मोठ्याने, दोनदा म्हणायला हवं.

तिसऱ्या प्रसंगाला फळ्यावरचं एक चित्र पुरतं. शाळेच्या फाटकाजवळ पदक घालून उभी असलेली मुलगी. अनोळखी माणसाला यातून काय काय कळेल? गणवेशावरच्या बिल्ल्यावरून शाळा, पाटीवरून गाव, मागच्या गाडीवरून येण्याजाण्याचा रस्ता, आणि ‘आज मी बारा वर्षांची’ या ओळीवरून जन्मतारीख. काही फोटोंच्या फाइलमध्ये तो कुठे काढला, हेही नोंदलेलं असतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवताना ती नोंद गळून जाते, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जशीच्या तशी जाते. पदकाचा फोटो जरूर टाकावा, फाटक आणि बिल्ला कापून. बाकावर झोपलेल्या मित्राचा स्टिकर करण्याआधी मात्र त्यालाच विचारावं. ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केलं तरी कुणी आधीच घेतलेला स्क्रीनशॉट परत येत नाही.

शेवटची पंधरा मिनिटं प्रतिज्ञेची. शिक्षकांनी ती आयती देऊ नये. मुलांनी वाक्यं सुचवावीत, वर्गाने खोडावीत. ‘मी अनोळखी व्यक्तीशी कधीच बोलणार नाही’ हे वाक्य खोडलेलंच बरं, कारण खेळात ते कुणीच पाळत नाही. उरेल ते साधारण असं असेल:

“आम्ही पासवर्ड आणि कोड मैत्रीतही सांगणार नाही, आणि कुणाला विचारणारही नाही.
कुणी आमच्याकडून गुपिताची शपथ घेतली, तर त्याच दिवशी घरी किंवा शाळेत सांगू.
दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवणार नाही.
कुणाची चूक झाली, तर त्याला हसणार नाही. त्याच्याबरोबर सांगायला जाऊ.”

त्याखाली मुलांच्या सह्या, आणि सह्यांखाली पालक आणि शिक्षकांनी स्वतःच्या हाताने लिहायची एक ओळ: “मूल सांगायला आलं, तर आम्ही आधी शेवटपर्यंत ऐकू, आणि सांगितलं म्हणून त्याचा फोन काढून घेणार नाही.”