फ्लॅट आपला, जमीन कोणाची?

आमच्या खालाजानचा वाशीचा फ्लॅट २०२५ मध्ये विक्रीला निघाला. गिऱ्हाईक ठरले, बयाना झाला आणि बँकेत घोडे अडले. तिथली जमीन सिडकोने ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली. त्यांचा पट्टा १९८५ चा, म्हणजे २०४५ ला संपणारा. कर्ज फिटल्यावरही पट्ट्याची काही वर्षे उरावीत, असे बँक पाहते. त्यामुळे २० वर्षांचे कर्ज बसेना. शिवाय विक्रीला आणि गहाणाला सिडकोचे ना-हरकत पत्र हवे, हस्तांतरण शुल्क वेगळेच. पुनर्विकासालाही सिडकोची परवानगी लागते. मालकी हक्काच्या जमिनीवर ही अडचण नसते. मात्र तिथे जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे का, हे पाहावे. नाहीतर पुनर्विकास जुन्या बिल्डरपाशी अडतो. खालाजानचा व्यवहार शेवटी १२ वर्षांच्या कर्जावर, किंमत उतरवून झाला. पट्ट्याची तारीख कपाटातल्या करारातच होती.