बाजार चढला म्हणजे नेमका किती?

भाचीचं लग्न मार्गशीर्षातल्या एका शुक्रवारी होतं. गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमारास बहिणीच्या फोनवर डेकोरेटरचा निरोप आला : "फुलांचा बाजार खूप चढलाय, 18,000 रुपये जास्त लागतील." दुसऱ्या दिवशी दुपारी 12 वाजून 27 मिनिटांचा मुहूर्त. घर पाहुण्यांनी भरलेलं. बहिणीने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "दादा, आता तूच बघ."

डेकोरेटर मागेल तेवढे पैसे देऊन मोकळं व्हायचं, अशीच वेळ असते ही. आम्ही ते केलं नाही, कारण घरात एक कागद होता. भाद्रपदात सजावट ठरवताना नुसता फोटो दाखवून "असं करून द्या" एवढ्यावर आम्ही थांबलो नव्हतो. फोटोत फुलांची संख्या कळत नाही, खरी फुलं कुठे संपतात आणि कापडी कुठे सुरू होतात तेही कळत नाही. म्हणून डेकोरेटरकडून कोटेशनमध्येच लिहून घेतलं होतं : स्टेजच्या मागचं मधलं पॅनल 8 फूट रुंद आणि 10 फूट उंच, पूर्ण ताज्या फुलांचं, दर चौरस फुटाला 400 रुपये. त्यात डच गुलाबाच्या 40 गड्ड्या आणि जरबेराच्या 50. बाजूच्या झालरी, दाराचं तोरण, झेंडूच्या माळा, गुलछडी, ऑर्किड हे सगळं वेगळं मांडलेलं. एकूण 85,000. सजावट सकाळी 9 ला तयार. डेकोरेटरने दिलेलं ते पान म्हणजेच पुढे त्याच्या कामाची मोजपट्टी ठरली.

त्या रात्री मी पहिला प्रश्न विचारला, "कुठलं फूल किती चढलंय?" उत्तर मोघम आलं. मग गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गाळा असलेल्या एका ओळखीच्या आडत्याला फोन केला. त्याने दोन मिनिटांत सांगितलं. डच गुलाबाची 20 फुलांची गड्डी कोटेशनमध्ये 150 ला धरली होती, ती 250 वर गेली होती. जरबेराची 10 फुलांची गड्डी 40 वरून 70 वर. झेंडू जवळजवळ जागेवर होता. म्हणजे गुलाबाचे 4,000 आणि जरबेराचे 1,500, मिळून 5,500. मागितले होते 18,000.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. सजावटीच्या बिलात फुलं हा लहान हिस्सा असतो. आमच्या 85,000 मध्ये पाला, ऑर्किड, झेंडू सगळं धरून फुलं 25,000 च्या आसपास होती. बाकीचे पैसे लोखंडी सांगाडा, कापड, लाइट, टेम्पो आणि रात्रभर काम करणाऱ्या पोरांची मजुरी यांचे. मार्केट यार्डात गुलाब महागला म्हणून सांगाड्याचं भाडं वाढत नाही. सगळी फुलं दीडपट झाली असती तरी वाढ साडेबारा हजारांवर गेली नसती. त्यामुळे "बाजार चढला" असं कुणी म्हटलं, की आधी बिलातला फुलांचा आकडा वेगळा काढायचा आणि वाढ फक्त त्याच्यावर मोजायची.

दुसरं, चढ अनपेक्षित होता का? अवकाळी पावसाने माल भिजला तर कुणाचाच इलाज नसतो. पण मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरोघरी महालक्ष्मीचं व्रत असतं, त्यात लग्नसराई, आणि फुलं महागतात हे पुण्यात या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तारीख भाद्रपदातच दिली होती. तो भाव कोटेशन करतानाच धरायला हवा होता. तरीही आमच्या कागदावर "भाव वाढल्यास काय" याची ओळ नव्हती, ती चूक आमचीही. खरा फरक देतो, बाजाराच्या पावत्या दाखवा, एवढ्यावर बोलणं थांबलं.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला मी कार्यालयात पोचलो. कार्यालय आदल्या रात्री साडेअकराला ताब्यात मिळणार होतं, पण आधीचं रिसेप्शन लांबलं आणि डेकोरेटरच्या माणसांना दीड वाजता आत सोडलं. दोन तास तिथेच गेले. मी गेलो तेव्हा सांगाडा उभा होता, कापड ताणून झालं होतं आणि फुलं खोचायला नुकती सुरुवात झाली होती. काम वेळेत आहे का, हे शेवटच्या तासात कळून उपयोग नाही. या टप्प्यांवरूनच ताडावं लागतं. सकाळी सहालाही सांगाडा आडवाच पडलेला दिसला, तर 9 ला सजावट मिळत नाही हे नक्की समजावं. आमची 9 वाजून 40 मिनिटांनी पूर्ण झाली. कागदावर हा 40 मिनिटांचा उशीर. पण दोन तास उशिरा हातात आलेल्या जागेत त्या पोरांनी सव्वा तासाहून जास्त वेळ भरून काढला होता. वक्तशीरपणात त्या माणसाला मी पुरे गुण देतो. कार्यालयाचा दोष त्याच्या माथी मारणं अन्यायाचं होईल.

ताजेपणा मात्र हात लावूनच बघायचा. वरून पाणी मारलेलं प्रत्येक फूल टवटवीत दिसतं. गुलाब पाकळ्यांच्या बुडाशी, देठाच्या जरा वर, दोन बोटांनी हलकेच दाबावा. ताजा घट्ट लागतो, शिळा पोकळ आणि मऊ. बाहेरच्या पाकळ्या काढून टाकून फूल नवं दाखवलेलं असेल, तर खाली त्यांचे वण दिसतात. जरबेराची मान बघावी. फुलाच्या खाली दोन-तीन बोटांवर देठ वाकायला लागला असेल तर तो दुपार गाठत नाही. शेवंती उलटी धरून झटकली आणि पाकळ्या गळल्या, तर ती कालची नाही, परवाची आहे. झेंडूचं मागचं हिरवं बूड काळपट पडलं आहे का पाहावं. आमचा जरबेरा मावळातल्या पॉलिहाउसचा होता, माना ताठ होत्या. गुलाबही घट्ट होते. माल चांगलाच आणला होता.

आणि तरी साडेअकराला, मुहूर्ताला तास राहिला असताना, पॅनलच्या डाव्या बाजूच्या गुलाबांनी माना टाकल्या. उजवीकडचे तसेच ताठ. माल एकच, मग हे कसं? मी मागे जाऊन त्या हिरव्या फोममध्ये बोट खुपसलं. उजवीकडे बोट ओलं झालं, पाणी झिरपलं. डावीकडे वरचा थर ओला आणि आतला गाभा कोरडा, भुरभुरीत. हा फोम पाण्यावर नुसता ठेवायचा असतो. तो आपला आपण पाणी पिऊन बुडतो. घाईत कुणी हाताने खाली दाबला, तर बाहेरचा थर भिजतो, आत हवा अडकते आणि तिथे खोचलेल्या देठाला पाणीच मिळत नाही. रात्री गेलेले दोन तास भरून काढताना हेच झालं होतं. मुकादमाने चूक लगेच मानली, 60-70 गुलाब बदलले आणि दोन विटा नव्याने भिजवून बसवल्या. अंतरपाट धरायच्या आधी पॅनल नीट झालं. फोममध्ये बोट घालून पाहण्याचं हे काम सजावट पूर्ण झाल्या झाल्या करावं. मी दोन तास उशिरा केलं.

ठरलेलं आणि झालेलं यात खरा फरक निघाला तो वर. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून पाहिलं तेव्हा पॅनलचे वरचे 3 फूट लाइटमध्ये सरसकट चमकत होते. खऱ्या पाकळीवर उजेड असा सपाट परावर्तित होत नाही. शिडी लावून पाहिलं, तर सगळी कापडी फुलं. "वर कुणाचा हात जात नाही, सगळेच असं करतात," मुकादम म्हणाला. ते खरंही आहे. उंचीवर कापडी फुलं लावणं या धंद्यात सर्रास चालतं आणि सांगून केलं तर त्यात गैर काहीच नाही. पण आमच्या कागदावर पूर्ण ताजी फुलं लिहिली होती, आणि दर ताज्या फुलांचा लावला होता.

त्यामुळे आदल्या रात्रीचा हिशोबही बदलला. 8 फूट रुंद आणि 3 फूट उंच म्हणजे 80 पैकी 24 चौरस फूट कापडी. त्यांचाच कापडी फुलांचा दर 150 होता. फरक चौरस फुटाला 250, म्हणून 6,000 रुपये वजा. शिवाय गुलाब आणि जरबेरा सगळा याच पॅनलचा. पॅनलचा तीस टक्के भाग कापडी, म्हणजे तेवढी फुलं आणलेलीच नव्हती. आणि नेमक्या त्याच फुलांच्या वाढीव भावाचे पैसे आमच्याकडे मागितले होते! पावत्या आल्या तेव्हा त्यात गुलाबाच्या 28 गड्ड्या आणि जरबेराच्या 35 निघाल्या. त्यामुळे 5,500 ची वाढ 3,850 वर आली. 85,000 अधिक 3,850 उणे 6,000, असे 82,850 रुपये आम्ही दिले. रविवारी सकाळी डेकोरेटर स्वतः घरी आला, कागद पाहिला आणि वाद न घालता बिल बदलून दिलं. शेवटचा दहा टक्क्यांचा हप्ता तोवर आमच्याकडे होता, त्याचा उपयोग झाला हे उघड आहे.

तो मानला नसता तर? लेखी कोटेशन, फोटो आणि पैसे दिल्याचा पुरावा असेल, तर ही सेवेतली त्रुटी ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. पण कागदाशिवाय गेलात तर तिथेही "फोटोत असं होतं" एवढंच म्हणता येतं.

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मुलाच्या लग्नासाठी त्याच डेकोरेटरबद्दल विचारलं. "चांगला आहे" किंवा "नको" असं एका शब्दात सांगणं मला बरोबर वाटलं नाही. मी त्यांना सांगितलं : वेळ पाळतो. माल ताजा आणतो. चूक दाखवली की लगेच दुरुस्त करतो. ताज्या फुलांच्या जागी न सांगता कापडी लावतो. आणि आदल्या दिवशी पैसे वाढवून मागतो, तेव्हा आकडा खऱ्या फरकाच्या तिपटीहून जास्त असतो. हे ऐकूनही त्यांनी त्याला काम दिलं, पण कोटेशनवर दोन ओळी वाढवून : कापडी फुलं कुठे आणि किती फूट, आणि भाववाढ झाल्यास ती फक्त आणलेल्या फुलांवर, बाजाराच्या पावतीप्रमाणे. डेकोरेटरने दोन्हींखाली सही केली आहे.