सायलेन्सरचा बोल्ट

रत्नागिरीला मिरकरवाडा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मामांच्या गॅरेजात माझी जुनी चेतक दोन टायरांवर आडवी टेकवलेली आहे. सीट आणि मागचं चाक काढून भिंतीकडे ठेवलं आहे. पेट्रोलची टाकी तर थेट गॅरेजच्या बाहेर, पायरीपलीकडे. गाडी आडवी केली की झाकणाच्या भोकातून पेट्रोल ठिबकतं, आणि आज इथे आग पेटवायची आहे. त्यामुळे मामांनी सकाळी पहिलं काम हेच केलं आहे.

सायलेन्सर उतरवायचा आहे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, त्याची काजळी वर्षानुवर्षं सायलेन्सरच्या आत साचत जाते आणि धुराला बाहेर पडायला वाटच उरत नाही. माझी गाडी घाटीवर तिसऱ्या गिअरमध्ये ओढत नव्हती, ती त्यामुळेच. सायलेन्सर दोन ठिकाणी धरलेला असतो. सिलिंडरपाशी एक क्लॅम्प आणि मागे एक बोल्ट. क्लॅम्पच्या बोल्टची मामांना काळजी नाही. तो तुटला तर तुटला, कापून काढायचा आणि बाजारातून दुसरा आणायचा. मागच्या बोल्टचं तसं नाही. चेतकच्या इंजिनाचं केसिंगच मागे लांब होऊन चाकापर्यंत जातं, आणि हा बोल्ट त्या केसिंगमध्येच आट्यांनी बसतो. केसिंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी. बोल्ट आत तुटला तर इंजिन उतरवावं लागेल, ड्रिल मारावं लागेल, आणि ड्रिल जरा कलंडलं तर मऊ ॲल्युमिनियमचे आटेही जातील.

मी वाकून बोल्ट बघतो. डोक्यावर तांबूस खपल्या आहेत, आणि बोल्ट जिथे केसिंगमध्ये शिरतो तिथे पांढरट भुकटीची कडा. लोखंडाचा तांबडा गंज आपल्या नजरेत असतो. ही पांढरी भुकटी ॲल्युमिनियमची आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम आधी झिजायला लागतं. बंदरावरची हवा, चार महिने पाऊस आणि मागच्या चाकाने उडवलेला चिखल. या बोल्टला काहीच चुकलेलं नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतो, पण आट्यांमधली फट तर केसाएवढी. मग तो आतून दोन्ही बाजूंना दाबत राहतो, पाचर मारल्यासारखा.

“काल संध्याकाळी तेल सोडलंय,” मामा सांगतात. “रात्रभर भिजलाय. आता परत एकदा.”

मामांचा भाचा वायर ब्रशने डोकं घासतो. मामा त्याला बोल्टच्या वरच्या टोकाबरोबर केसिंगची कडाही घासायला लावतात. खपल्या राहिल्या तर तेल त्यांच्यावरच सांडून जातं, आत जात नाही, आणि पानाही पुरता बसत नाही. मग मामा डबा उचलून नळीने कडेवर दोन-तीन थेंब सोडतात. भसाभस फवारत नाहीत. हे तेल फार पातळ असतं आणि बारीक फटीत आपोआप ओढलं जातं. ते गंज विरघळवत नाही, गंजाच्या कणांमध्ये शिरून त्यांना निसरडं करतं. म्हणून त्याला वेळ द्यावा लागतो. मामांकडे डबा संपलेला असला तर ते रॉकेलमध्ये थोडं ऑइल मिसळून तेच वापरतात. त्याला जास्त वेळ लागतो, एवढाच फरक.

तेल सोडलं की हातोडी. छोटी, पाव किलोची. मामा बोल्टच्या डोक्यावर पितळी दांडा सरळ उभा धरतात आणि वरून टकटक सुरू करतात. ठोका जोराचा नाही, दारावर थाप द्यावी तेवढाच, पण थांबत नाही. थोड्या वेळाने परत तेलाचा थेंब, परत टकटक. या ठोक्यांनी बोल्ट फिरत नाही. आट्यांमधला गंज तडकतो आणि तेलाला पुढे जायला वाट मिळते. दांडा पितळी अशासाठी की बोल्टचं डोकं चेपू नये. केसिंगवर मात्र मामा एकही ठोका पडू देत नाहीत. ओतीव ॲल्युमिनियम लोखंडासारखं वाकत नाही, त्याला चीर जाते.

“ऐक,” मामा भाच्याला म्हणतात. सुरुवातीला आवाज बद्द येत होता. आता त्यात किंचित खणखणीतपणा आल्यासारखा मला वाटतो. मामांच्या मते नुसत्या आवाजावर भरवसा ठेवू नये, हाताला काय लागतं ते बघावं.

ते रिंग पाना बसवतात. सहा कोनांचा, बारा कोनांचा नव्हे. गंजलेल्या डोक्याच्या कडा आधीच झिजलेल्या असतात, आणि बारा कोनांचा पाना त्यांना टोकालाच धरतो, जोर आला की सटकतो. सहा कोनांचा पूर्ण सपाट बाजूवर टेकतो. मामा आधी बोल्ट सोडायच्या दिशेने ओढतच नाहीत. आवळायच्या दिशेने एक हलका झटका देतात. हे बघून मला नवल वाटतं, पण कारण सरळ आहे. गंजाचा थर कुठल्याही दिशेने तुटला तरी चालतो, आणि इतकी वर्षं ताण एकाच दिशेने बसलेला असल्यामुळे उलट्या दिशेचा लहानसा धक्का कधी कधी तो थर मोडतो.

काही होत नाही. मग सोडायच्या दिशेने. पान्याचं टोक बोटभर हलतं.

“हलला!” भाचा म्हणतो.

“नाही हलला.” मामा लगेच हात ढिला करतात. पाना जिथून निघाला होता तिथेच परत येतो. बोल्टचं डोकं फिरलं, पण आतला भाग जागचा हलला नाही. बोल्टच्या दांड्याला पीळ पडला आणि सोडल्यावर तो उलगडला. हाताला रबर ओढल्यासारखं लागलं की थांबायचं, असं मामा भाच्याला सांगतात. अजून जोर लावला तर पीळ परत येणार नाही, आणि त्यानंतर जो ‘टक’ आवाज येईल तो बोल्ट तुटल्याचा. बोल्ट खरंच सुटतो तेव्हा पाना परत येत नाही, नव्या जागी थांबतो.

भाच्याने तेवढ्यात लांब पाइप आणलेला आहे, पान्यावर चढवायला. मामा तो हातात घेऊन कोपऱ्यात उभा करतात. पाइपाने जोर वाढतो, पण बोल्ट कुठे हार मानतोय हे हाताला कळेनासं होतं. जाम बोल्ट बहुतेक तुटतात ते याच पाइपाने.

आता आच द्यायची. मामा फडक्याने सगळं तेल पुसून काढतात, कारण ते पेट घेतं. तेलाचा डबाही बाहेर जातो. चाकाच्या दांड्यापाशी रबरी ऑइल सील आहे, त्यावर ओलं फडकं गुंडाळतात. भाचा वाळूची बादली हाताशी आणून ठेवतो. मामा गॅसची टॉर्च पेटवतात आणि निळी ज्योत बोल्टवर न धरता बोल्टभोवतीच्या केसिंगवर फिरवत ठेवतात.

“बोल्ट तापवायचा नाही का मामा?”

“त्याचं घर तापवायचं. घर मोठं झालं की हा मोकळा होतो.”

यात साधं पदार्थविज्ञान आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. दहा मिलिमीटरचं भोक शंभर अंशांनी तापवलं तर ते सुमारे २३ हजारांश मिलिमीटर मोठं होतं, आणि तेवढाच तापलेला बोल्ट १२ हजारांश. उरतो तो फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. नजरेला दिसणारही नाही, पण दाबून बसलेल्या गंजाची पकड सुटायला तेवढा पुरतो.

धोका वेगळा आहे. लोखंड तापलं की लाल होतं, आपल्याला इशारा मिळतो. ॲल्युमिनियम लाल होत नाही. ते ६६० अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याआधी रंगाने काहीच सांगत नाही. म्हणून मामा मध्येच ज्योत बाजूला करून केसिंगवर बोटाने पाण्याचा थेंब टाकतात. पहिल्यांदा थेंब नुसता वाफाळतो. आणखी थोडी आच दिल्यावर चर्र होऊन क्षणात उडून जातो. “बास,” मामा म्हणतात आणि टॉर्च बंद करतात.

मग ते खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढतात आणि गरम कडेवर टेकवतात. मेण वितळतं आणि बोल्टभोवतीच्या फटीत सरसर ओढलं जातं. मी अगदी जवळून बघतोय. कडेवर चमकणारं मेणाचं वर्तुळ आत उतरतं, मामा परत मेण टेकवतात, परत उतरतं. सकाळी तेलाचा थेंब कडेवरच रेंगाळत होता. आता आत जागा झालेली आहे.

पाना. आवळायच्या दिशेने झटका. मग सोडायच्या दिशेने, आणि पान्याच्या टोकावर हातोडीचे छोटे ठोके. एक कर्कश किंकाळीसारखा आवाज येतो आणि पाना नव्या जागी थांबतो. मामा हात काढून घेतात. पाना मागे येत नाही.

भाचा पुढे सरसावतो, पण मामा त्याला सरळ काढू देत नाहीत. पाव फेरा सोडायचा, थोडा परत आवळायचा, तेलाचा थेंब, परत पाव फेरा. केसिंग आता हाताला सोसेल इतकं निवलेलं आहे, म्हणून तेल चालतं. सुटलेला गंज आट्यांमध्येच भुकटी होऊन पडलेला असतो. बोल्ट एका दमात ओढला तर तीच भुकटी पुढे ढकलली जाऊन पुन्हा अडकते आणि मऊ ॲल्युमिनियमचे आटे खरवडून घेते. मागेपुढे केल्याने ती तेलाबरोबर बाहेर येते. कडेवर तांबूस-करडा चिखल जमतो, मामा तो पुसून टाकतात. पाना जड लागला की परत मागे. अर्ध्यावर आल्यावर बोल्ट बोटांनी फिरायला लागतो.

बाहेर आलेला बोल्ट मामा उजेडात धरतात. मधल्या आट्यांना चांदीसारखी चमकदार तार गुंडाळलेली असली तर समजायचं की केसिंगचे आटे बोल्टाबरोबर निघून आले. तसं झालं असतं तर भोक मोठं करून त्यात स्टीलच्या तारेचे नवे आटे बसवावे लागले असते. इथे फक्त गंज आणि मेण आहे. तरी मामा भोकात टॅप हाताने हळूच फिरवून आटे साफ करतात, हवा मारतात, आणि नवा बोल्ट पान्याशिवाय, नुसत्या चिमटीने शेवटपर्यंत फिरवून बघतात. तो कुठेही न अडता आत जातो.

नव्या बोल्टच्या आट्यांना भाचा कॉपर ग्रीस लावून ठेवतो आणि सायलेन्सर उचलून मागच्या अंगणात नेतो. तिथे त्याच्या आतली काजळी जाळायला लाकडं पेटवलेली आहेत.