निकालपत्र वाचा शेवटाकडून

मुंबईच्या फुटपाथवासीयांचा खटला निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: "उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात दिला." वाक्य खोटे नाही. पण ते ऐकून कुणीही समजेल की फुटपाथवासीय खटला जिंकले आणि त्यांच्या झोपड्या वाचल्या. तसे झाले नव्हते. न्यायालयाने पालिकेचा झोपड्या हटवण्याचा अधिकार कायम ठेवला होता.

एवढी मोठी गफलत होते, कारण या वाक्यातला "निकाल" हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला आहे. न्यायालयाने विचार काय केला ही एक गोष्ट, आणि शेवटी आदेश काय दिला ही दुसरी. सामान्य वाचकासाठी निकालाचा सारांश लिहिताना पहिले काम असते ते या दोन्ही वेगळ्या करण्याचे.

ही विभागणी काही पत्रकारांनी शोधलेली नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेतच (आदेश २०, नियम ४) सांगितले आहे की निकालपत्रात प्रकरणाची थोडक्यात हकीकत, निर्णयासाठीचे मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि त्याची कारणे असावीत. तालुक्याच्या कोर्टातल्या निकालपत्रात मुद्दे आणि त्यांसमोर निष्कर्ष असा तक्ताच दिसतो. वरच्या न्यायालयांत मात्र हे चारही धागे एकमेकांत विणलेले असतात, आणि ते उकलायचे काम सारांश लिहिणाऱ्याच्या वाट्याला येते.

मी सुरुवात शेवटाकडून करतो. आदेश आधी शोधायचा आणि तो अशा वाक्यात लिहायचा की कोणी, काय, कधीपर्यंत करायचे हे कळावे. ओल्गा टेलिस खटल्यात १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी पाच न्यायाधीशांच्या वतीने निकाल दिला. त्याचा आदेश साध्या मराठीत असा मांडता येतो: फुटपाथवरच्या झोपड्या पालिका हटवू शकते, मात्र ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा संपून महिना उलटेपर्यंत, हटवणार नाही. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली आहे, त्यांना पर्यायी जागा द्यावी. वीस वर्षे किंवा त्याहून जुन्या आणि सुधारणा झालेल्या झोपडपट्ट्या सार्वजनिक कामासाठी जमीन लागल्याशिवाय काढू नयेत, आणि काढल्या तर दुसरी जागा द्यावी. यात "उपजीविका" हा शब्द कुठेही आलेला नाही.

मग हकीकत. इथे सगळ्यात जास्त घसरायला होते, कारण निकालपत्रातली हकीकत बहुधा कुणाच्या तरी तोंडची असते. अर्जदारांपैकी एक जण १९६९ मध्ये संगमनेरहून मुंबईला आला होता. गावात चांभारकामावर त्याला दिवसाला सात-आठ रुपये मिळत, आणि गावातले घर पडले होते. मुंबईत महिना साडेतीनशे रुपयांवर तो बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या फुटपाथवरची जागा मिळवण्यासाठी त्याने स्थानिक गुंडाला ३०० रुपये दिले, आणि बांबू-प्लॅस्टिकला ७०० रुपये लागले. हा तपशील अर्जातला आहे. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवून गावी परत पाठवण्याची घोषणा केली, आणि २३ जुलैला लोकांना एस.टी.च्या गाड्यांत कोंबून शहराबाहेर नेण्यात आले, हेही अर्जदारांचे म्हणणे. सक्तीने शहराबाहेर काढायचा बेत असल्याचे सरकारने नाकारले. म्हणून सारांशात "अर्जदारांच्या म्हणण्यानुसार" आणि "सरकारच्या म्हणण्यानुसार" हे शब्द टाळता येत नाहीत. ते गाळले की एका बाजूची कैफियत न्यायालयाचा निष्कर्ष म्हणून छापली जाते.

मुद्दे प्रश्नचिन्हासह लिहावेत. "कलम ३१४ ची घटनात्मक वैधता" असे लिहिले तर वाचक पान उलटतो. त्याऐवजी असे विचारावे: नोटीस न देता फुटपाथवरचे अतिक्रमण काढण्याची मुभा देणारे १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यातले कलम घटनेला धरून आहे का? झोपडी गेल्याने रोजगार जात असेल, तर जगण्याचा हक्क हिरावला जातो का? तिसरा प्रश्न पालिकेच्या आक्षेपातून आला. उच्च न्यायालयात अर्जदारांनी कबूल केले होते की फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आपण सांगत नाही. मग आता त्यांना तो सांगता येईल का?

कारणमीमांसा लिहिताना प्रत्येक उत्तरामागे "कारण" हा शब्द बसतो का, हे पाहावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर: सांगता येईल, कारण मूलभूत हक्क कुणी कबुलीने सोडून देऊ शकत नाही. दुसऱ्याचे: होय, कारण जगण्याचे साधन काढून घेतले तर जगणेच अशक्य होते, मात्र न्याय्य आणि वाजवी अशा कायदेशीर पद्धतीने हा हक्क काढून घेता येतो. प्रसिद्ध झाला तो या वाक्याचा पहिला अर्धा भाग. खटल्याचा कल ठरवला तो दुसऱ्या अर्ध्याने. पहिल्या प्रश्नावर न्यायालयाने कलम वैध ठरवले, कारण ते आयुक्तांना नोटीस न देता अतिक्रमण काढण्याची मुभा देते, सक्ती करत नाही. नोटीस देणे हा नियम, न देणे हा निकडीचा अपवाद.

इथे एक अवघड वळण आहे, आणि बहुतेक सारांश ते गाळतात. आयुक्तांनी या लोकांचे म्हणणे ऐकायला हवे होते, असे न्यायालय म्हणते. मग प्रकरण आयुक्तांकडे परत का पाठवले नाही? तर आम्हीच त्यांचे म्हणणे सविस्तर ऐकले आहे, म्हणून. मला हे उत्तर लंगडे वाटते. पण माझे मत सारांशात घालायचे नसते. न्यायालयाने दिलेले कारण जसेच्या तसे सांगायचे, पटो वा न पटो.

काही वाक्ये कोणत्याच कप्प्यात नीट बसत नाहीत. "झोपडी गेली की काम जाते" ही हकीकत की कारण? लोक फुटपाथवर राहतात ते काम जवळ असते म्हणून, आणि तिथून हटवले की ते काम सुटते, असा तर्क न्यायालयाने केला. प्रत्येक अर्जदाराच्या बाबतीत वेगळा पुरावा मागितला नाही. म्हणून मी हे वाक्य कारणमीमांसेत घालतो.

सारांश पुरा झाला की क्रियापदे तपासावीत. "न्यायालयाने म्हटले" हे क्रियापद चारही कप्प्यांत फिरते आणि गोंधळ घालते. हकीकतीत "अर्जदार म्हणतात", कारणमीमांसेत "न्यायालयाच्या मते", आणि आदेशात फक्त "आदेश दिला" असे लिहावे. "साधारणपणे", "शिवाय", "मात्र" असे छोटे शब्दही जागेवर आहेत ना, ते पाहावे. "झोपडपट्टी काढू नये" आणि "सार्वजनिक कामासाठी जमीन लागल्याशिवाय काढू नये" यांत एका वस्तीच्या आयुष्याचा फरक आहे.

संगमनेरच्या त्या कामगाराने निकालाच्या दिवशी कुणाला विचारले असते की कोर्टाने काय केले, तर घटनेचे एकविसावे कलम समजावून सांगण्याआधी त्याला हे सांगायला हवे होते: झोपडी ३१ ऑक्टोबरपर्यंत राहील, १९७६ च्या गणनेत नाव असेल तर दुसरी जागा मिळायला हवी.