शेपटी सगळ्यात शेवटी बघा

सहा वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाचा एक फोटो डोळ्यांसमोर आणा. मुलगा फरशीवर गुडघे टेकून बसला आहे. त्याने घरच्या गावठी कुत्र्याच्या गळ्यात दोन्ही हात घातले आहेत आणि गालाला गाल लावून तो खळखळून हसतो आहे. मागे फुगे, अर्धा कापलेला केक आणि कडेला मोठ्या माणसांचे पाय. कुत्रा बसलेला आहे, तोंड मिटलेलं, मान मुलापासून बाजूला वळलेली. असा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर पडला की कुणीतरी लिहितंच, ‘किती गुणी आहे बघा, हलतसुद्धा नाही!’

हलत नाही हे खरं, पण तो का हलत नाही हे फोटोतच दिसतं. मात्र त्यासाठी नजर कुठून सुरू करायची ते ठरवावं लागतं. आपली नजर आधी शेपटीकडे जाते, कारण शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूश, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. फोटोत तर ती हलतानाही दिसत नाही. म्हणून आधी अंगाचा भार, मग कान आणि सगळ्यात शेवटी शेपूट, असा उलटा क्रम घ्यावा.

या क्रमाचं कारण चार्ल्स डार्विनच्या चित्रांमध्ये चांगलं सापडतं. माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावना शरीरातून कशा प्रकटतात यावरचं त्याचं पुस्तक 1872 मध्ये निघालं. त्यात त्याने एका कुत्र्याचं वागणं सांगितलं आहे. समोरून अनोळखी माणूस येतो आहे असं वाटल्यावर कुत्रा ताठ चालत पुढे जातो. शेपूट वर, कान पुढे, मानेवरचे केस उभे, नजर रोखलेली. जवळ गेल्यावर कळतं की हा तर आपला मालक! त्या क्षणी सगळं उलटं होतं. अंग खाली दबतं आणि वळवळू लागतं, शेपूट खाली येऊन हलू लागते, केस बसतात, कान मागे जातात. भावना उलटी झाली की शरीराची ठेवणही उलटी होते, हा डार्विनचा मुद्दा होता.

पण त्याच्या आनंदी कुत्र्याकडे पुन्हा बघा. शेपूट खाली आणि कान मागे! नेमकं हेच वर्णन घाबरलेल्या कुत्र्याचंही करता येईल. सुटे कान आणि सुटी शेपूट या दोन्ही कुत्र्यांना वेगळं करू शकत नाहीत. फरक दिसतो तो अंगात. आनंदी कुत्र्याचं अंग सैल असतं, कान मागे असले तरी डोक्याला चिकटलेले नसतात, ओठ सुटे असतात. घाबरलेला कुत्रा अंग चोरतो, म्हणजे आहे त्यापेक्षा लहान दिसायचा प्रयत्न करतो.

तेव्हा वाढदिवसाच्या फोटोत आधी भार बघू. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. मुलाला फोटोतून मनातल्या मनात पुसून टाका आणि स्वतःला विचारा, आता हा कुत्रा कुठल्या बाजूला जाईल? आपल्या फोटोत त्याची छाती मुलापासून दूर कललेली आहे, मुलाच्या बाजूचा पुढचा पंजा किंचित उचललेला आहे आणि पलीकडच्या पायावर भार आहे. हात सुटले तर तो पलीकडे सटकेल. मुलाला रेलून बसला असता, मागचा एक पाय बाजूला सैल पसरला असता, तर उत्तर वेगळं आलं असतं. उभ्या कुत्र्यालाही हाच प्रश्न लागू पडतो. भार मागच्या पायांवर आणि पाठ गोल, तर त्याला मागे सरकायचं आहे. खांदे पुढे आणि पाय ताठ, तर त्याचं पुढे काहीतरी लक्ष्य आहे. ते खेळणं असेल किंवा फाटकापाशी आलेलं परकं कुत्रं. चारही पायांवर सारखा भार आणि अंगात कुठेही ताण नाही, तर तो निवांत आहे.

एकाच ठेवणीत पुढचं अंग जमिनीवर दबलेलं असूनही भीती नसते. कोपरं जमिनीला टेकलेली, पुठ्ठा वर, तोंड सैल उघडं, असा फोटो आला तर ते खेळायचं आमंत्रण असतं.

आता कान. इथे टोकापेक्षा मुळाकडे बघावं. गावठी कुत्र्याचे कान उभे असल्यामुळे काम सोपं जातं. टवकारून पुढे वळले तर लक्ष कशाततरी गुंतलंय. दोन बाजूंना आडवे पडले तर त्याचं काय करावं हे ठरत नाहीये. मागे जाऊन कवटीला चिकटले तर त्याला समोरचा प्रसंग नकोसा झालाय. लॅब्रॅडॉरसारख्या लोंबत्या कानांच्या कुत्र्यात मात्र टोकं नेहमी खालीच असतात. त्याच्या कानाच्या मुळाशी असलेली घडी बघायची. ती वर उचलून पुढे आली की लक्ष लागलेलं असतं, मागे खेचली गेली की डोकं गोल आणि गुळगुळीत दिसू लागतं. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला व्हीच्या आकाराची खाच दिसली तर ती नसबंदी झाल्याची खूण असते, तिचा मनःस्थितीशी संबंध नाही.

आपल्या फोटोत कान मागे आणि डोक्याला सपाट चिकटलेले आहेत. जोडीला चेहऱ्यावरची एक खूण दिसते. मान बाजूला वळली असली तरी डोळे मुलाकडे लागले आहेत, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढऱ्या भागाची कोर उघडी पडली आहे. मिटलेलं तोंड, वळवलेली मान, ओठांवरून किंवा नाकावरून फिरलेली जीभ, झोप नसताना आलेली जांभई, या सगळ्या ‘थोडं लांब राहा’ असं सांगायच्या कुत्र्याच्या सौम्य पद्धती आहेत. गुरगुरणं त्याच्या बरंच नंतर येतं.

आता शेपटीकडे वळायला हरकत नाही. शेपटीची उंची मोजायची ती त्या कुत्र्याच्या स्वतःच्या नेहमीच्या उंचीपासून. पगची शेपूट एरवी पाठीवर गुंडाळलेली असते. कारवानी कुत्र्याची लांब, बारीक शेपूट निवांत असतानाही खाली लोंबते. बीगलची वर असते, कापलेल्या शेपटीच्या डॉबरमनमध्ये वाचायला फारसं काही उरतच नाही. म्हणून त्याच कुत्र्याचा दुपारी अंगणात निवांत उभा असतानाचा एखादा फोटो शेजारी ठेवावा. त्यापेक्षा शेपूट वर आणि ताठ असेल तर कुत्रा उत्तेजित आहे, मग ते आनंदाने असो वा रागाने. खाली गेली असेल तर धास्ती, पोटाखाली गेली असेल तर उघड भीती. आपला कुत्रा गावठी आहे, एरवी त्याची शेपूट कोयत्यासारखी वर वळलेली असते. फोटोत ती जमिनीवरून पायाला चिकटवून ठेवली आहे.

शेपूट हलत होती का, हेही कधीकधी फोटोतून कळतं. घरातल्या कमी उजेडात कॅमेऱ्याचं शटर जास्त वेळ उघडं राहतं, त्यामुळे हलणारी शेपूट धूसर उमटते. धूसरपणा शेपटीबरोबर पुठ्ठ्यापर्यंत पसरला असेल तर सगळं अंग डोलत होतं, हे चांगलं लक्षण. अंग स्पष्ट आणि उंच, ताठ शेपटीचं फक्त टोक धूसर असेल तर सावध राहावं. चावायच्या बेतातला कुत्राही शेपूट हलवू शकतो.

शेपूट कुठल्या बाजूला जास्त झुकते यालाही अर्थ आहे. इटलीतल्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं की मालक दिसल्यावर कुत्र्यांची शेपूट त्यांच्या स्वतःच्या उजवीकडे जास्त जाते आणि अनोळखी, वरचढ कुत्रं दिसल्यावर डावीकडे. पण हा कल अनेक हेलकाव्यांमधून मोजलेला होता. एका फोटोत शेपूट उजवीकडे सापडली तर ती परतीच्या वाटेवरही असू शकते. त्यात सेल्फी असेल तर फोनने डावं-उजवं उलटवलेलंही असतं. फोटोपुरता हा निकष सोडून द्यावा.

आता सगळं एकत्र मांडू. भार मुलापासून दूर, पंजा उचललेला, कान चिकटलेले, डोळ्यात पांढरी कोर, शेपूट नेहमीपेक्षा खूप खाली. यातली कुठलीही एक खूण एकटी असती तर दुर्लक्ष करता आलं असतं, पण पाचही एकाच दिशेला बोट दाखवतात. हा कुत्रा गुणी असेलच, पण या क्षणी तो मिठी सोसतो आहे. असे फोटो दुर्मीळ नाहीत. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी 2016 मध्ये इंटरनेटवरचे कुत्र्याला मिठी मारल्याचे 250 फोटो तपासले आणि सुमारे 82 टक्के फोटोंत त्यांना अस्वस्थतेची निदान एक खूण दिसली. ही पाहणी त्यांनी एका स्तंभलेखात मांडली होती, ते रीतसर संशोधन नव्हतं. एकाच खुणेवर निकाल दिल्याने आकडा फुगलाही असेल. तरी हे फोटो लोकांनी कौतुकाने टाकलेले होते, हे विसरता येत नाही.

फोटोची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. कुत्रा अस्वस्थ आहे हे फोटो दाखवतो, पण कशामुळे ते दाखवत नाही. कदाचित मिठीआधी फुगा फुटला असेल. कदाचित फोटो काढणाराच त्याच्यावर वाकून उभा असेल किंवा फ्लॅश पडला असेल. मे महिन्यातला उघडा जबडा आणि लोंबती जीभ बहुतेक वेळा उकाड्याचीच असते. आणि छायाचित्र सेकंदाच्या छोट्या भागाचं असतं, त्यात अर्धवट मिटलेले डोळे म्हणजे साधी पापणीची उघडझापही असू शकते. म्हणून शंका आली की गॅलरीत आधीचे आणि नंतरचे फोटो बघावेत. तीनचार फोटोंत तीच ठेवण दिसली तर तो योगायोग नाही.

कुत्रा समोरच असेल तर फोटोपेक्षा चांगली चाचणी करता येते. मुलाला हात काढून घ्यायला सांगा आणि तीनचार सेकंद थांबा. कुत्रा स्वतःहून परत जवळ आला, रेलला, तर त्याला मुलाची संगत हवी आहे. उठून अंग झटकलं आणि लांब गेला, तर त्याला जाऊ द्या आणि मुलालाही त्याच्या मागे जाऊ देऊ नका. तीनचार वर्षांची मुलं दात विचकलेल्या कुत्र्याला हसरा समजतात, हे संशोधनात दिसलेलं आहे. त्यामुळे वाचायचं काम मोठ्यांनाच करावं लागतं. पुढच्या वेळी फोटो घेताना कुत्र्यावर न वाकता बाजूला खाली बसावं, फ्लॅश बंद ठेवावा, मुलाने मिठीऐवजी छातीवर किंवा खांद्यावर हात फिरवावा आणि कुत्र्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी. वाट मोकळी असूनही जो कुत्रा थांबतो, त्याच्या फोटोत आनंद शोधावा लागत नाही.